स्क्रिप्टची वही, ब्रोकरची वही: ताळमेळाच्या नोंदी

मी फोंड्यात राहतो. घरच्या जुन्या लॅपटॉपवर एक पायथन स्क्रिप्ट गेलं दीड वर्ष चालू आहे. बारा-पंधरा शेअर, सगळे डिलिव्हरीत, उधारी नाही, ऑप्शन नाहीत. खरेदी-विक्री ब्रोकरच्या एपीआयमधून होते आणि कोणत्या शेअरचे किती नग हातात आहेत हे स्क्रिप्ट स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवते. ती फाइल चुकू शकते हे मी गृहीत धरलंच नव्हतं. हे काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून तारखेनिशी लिहीत गेलो.

२१ जुलै २०२५, सोमवार

दुपारी बँकेचा मेसेज आला: १११ रुपये जमा, लाभांश. कंपनीचं नाव वाचून थांबलो, कारण स्क्रिप्टच्या फाइलमध्ये त्या कंपनीपुढे शून्य होतं. तीन रुपये प्रति शेअर, म्हणजे ३७ शेअर. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये होल्डिंग उघडलं तर खरंच ३७ नग, सरासरी ४१२.५० रुपये.

लॉगमध्ये एकही एरर नाही. स्क्रिप्ट रोज सकाळी उठत होती, दुपारी झोपत होती आणि १५,२६२ रुपये ५० पैशांचा माल तिच्या हिशेबात नव्हताच. भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकून टाकणारा स्टॉपलॉसही त्यावर नव्हता, कारण शून्य नगांवर स्टॉपलॉस कोण लावणार?

२२ जुलै, मंगळवार

ते ३७ नग सकाळी हाताने विकले, ३७१.२० ला. तोटा १,५२८ रुपये १० पैसे, शुल्क वेगळं. लाभांशाचे १११ वजा केले तरी चौदाशेच्या वरच.

कारण सापडायला दोन तास लागले. १८ जूनला स्क्रिप्टने १२० नगांची लिमिट ऑर्डर टाकली होती. शेअर लहान, विकणारे कमी. तीन मिनिटांत पूर्ण भरली नाही तर ऑर्डर रद्द करायची असा माझाच नियम. तीन मिनिटांत ३७ भरले, उरलेले ८३ रद्द झाले. अशा ऑर्डरची शेवटची स्थिती ब्रोकरकडे `CANCELLED` अशीच दिसते आणि भरलेले ३७ दुसऱ्या रकान्यात असतात. माझा कोड असा होता:

```python
if order["status"] == "COMPLETE":
    qty[sym] += order["quantity"]
```

`CANCELLED` म्हणजे काहीच झालं नाही असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की यापुढे काही होणार नाही. आधी काय झालं ते ही स्थिती सांगत नाही. रद्द करण्याची विनंती पोचेपर्यंतच्या सेकंदभरातही नग भरू शकतात, त्यामुळे रद्द करताना वाचलेला भरलेला आकडाही अखेरचा नसतो.

कोड तात्पुरता दुरुस्त केला. पण असं आणखी किती वेळा झालं असेल? एपीआयवर फक्त त्या दिवसाच्या ऑर्डर मिळतात, रात्रीनंतर जुन्या दिसत नाहीत. मागचं शोधायला ईमेलवर रोज येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटा, म्हणजे त्या दिवसाच्या सौद्यांच्या पावत्या, हाताशी होत्या.

२६ जुलै, शनिवार

माझी चुलतबहीण, आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो, एका पतसंस्थेत हिशेब बघते. तिला विचारलं, तर रविवारी बघू म्हणाली आणि शनिवारी संध्याकाळीच आली. १ एप्रिलपासूनच्या सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोटा मी छापून ठेवल्या होत्या. बाहेर पाऊस कोसळत होता, दारं बंद, पडवीत कागद दमट होऊन एकमेकांना चिकटत होते. ताईने एका हाताने पट्टी ओळीवर धरली, दुसऱ्या हातात लाल पेन्सिल. मी स्क्रिप्टच्या लॉगमधली ओळ वाचायची, तिने नोटेवर खूण करायची. ज्या ओळीला खूण नाही तो फरक.

साडेतीन तासांत तीन ओळी उरल्या. एक ती ३७ ची. दुसरी ८ नगांची, तीही अर्धवट भरलेली खरेदी. तिसरीने मला खरा धक्का दिला, कारण ती विक्री होती. ६० नग विकायची ऑर्डर, १२ विकले, बाकी रद्द. स्क्रिप्टच्या मते ६० शिल्लक, प्रत्यक्षात ४८. पुढचे चार दिवस स्क्रिप्ट रोज ६० ची विक्री टाकत होती आणि ब्रोकर रोज नाकारत होता. ती नाकारणी मे महिन्यात मी स्वतः लॉगमध्ये पाहिली होती आणि डीमॅटमधून शेअर काढायची परवानगी संपली असेल असं समजून टीपिन पुन्हा टाकला होता. शेवटी हाताने विकून मोकळा झालो. तेव्हा नाकारण्याचं कारण अक्षर न् अक्षर वाचलं असतं तर जूनमधली चूक झालीच नसती.

जाताना ताई म्हणाली, "तू ऑर्डरचा निकाल वहीत लिहितोस. आमच्याकडे अर्जावर मंजूर लिहिलं म्हणून कर्जखात्याला नोंद होत नाही, पैसे गेल्याचं व्हाउचर लागतं. तुझं व्हाउचर कुठलं?"

माझं व्हाउचर म्हणजे सौदा. एका ऑर्डरचे पाच तुकड्यांत पाच सौदे होतात, प्रत्येकाला एक्सचेंजचा नंबर असतो आणि एकदा झालेला सौदा सहसा रद्द होत नाही. वही ऑर्डरवरून नाही, सौद्यांवरून लिहायची, हे त्या दिवशी ठरलं.

दारात चपला घालताना तिने आणखी एक सांगितलं होतं: "फरक दिसला की आकडा खोडून पासबुकाचा लिहू नकोस हं. कुठल्या ओळीने फरक पडला ती आधी काढ." हे मी ऐकलं आणि अकरा दिवसांनी मोडलं.

३० जुलै, बुधवार

साध्या फाइलऐवजी एसक्यूलाइटचा डेटाबेस. नगांची संख्या आता कुठेच साठवत नाही. सुरुवातीची शिल्लक अधिक सगळे सौदे अशी दर वेळी मोजतो. सुरुवातीची शिल्लक म्हणून २९ जुलैच्या रात्रीचं होल्डिंग, प्रत्येक शेअर हाताने तपासून.

```sql
CREATE TABLE fills (
  trade_date TEXT, exchange TEXT,
  order_id TEXT, trade_id TEXT,
  symbol TEXT, signed_qty INTEGER,
  PRIMARY KEY (trade_date, exchange, order_id, trade_id)
);
```

खरेदी अधिक, विक्री वजा. सौदे घालताना `INSERT OR IGNORE`. आधी मी फक्त `trade_id` ची किल्ली केली होती. मग लक्षात आलं की सौद्यांचे नंबर एका दिवसापुरते असतात, दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या एक्सचेंजवर तोच नंबर पुन्हा येऊ शकतो. तसं झालं असतं तर `IGNORE` ने नवा खरा सौदा जुना समजून मुकाट्याने टाकून दिला असता. जी चूक काढायला बसलो होतो तीच दुसऱ्या दाराने आत आली असती.

३१ जुलै, गुरुवार

पावणेबाराला वीज गेली, इन्व्हर्टर वीस मिनिटं टिकला आणि राउटरसकट सगळं बंद. वीज एकला आली. स्क्रिप्टने पुन्हा सुरू होताना दिवसाचे सगळे सौदे परत वाचले. सकाळचे सात सौदे टेबलात होतेच, ते दुसऱ्यांदा शिरले नाहीत. जुन्या पद्धतीत मी वेब सॉकेटवर येणाऱ्या प्रत्येक संदेशाला बेरीज करत होतो. तोच संदेश जोडणी तुटून पुन्हा आला तर दुप्पट, आणि जोडणी तुटलेली असताना गेला तर गायब. आता संदेश आला की मी त्यावर विश्वास ठेवत नाही, फक्त सौद्यांची यादी नव्याने मागवतो.

६ ऑगस्ट, बुधवार

आजची चूक पूर्ण माझी.

रविवारी ताळमेळाचा भाग लिहिला: रोज ९.०५ ला ब्रोकरकडून होल्डिंग, म्हणजे आधीपासून खात्यात असलेले नग, आणि पोझिशन, म्हणजे त्या दिवसाची खरेदी-विक्री, मागवायची, वहीशी जुळवायची. पुढे मी लिहिलं की फरक असेल तर ब्रोकरचा आकडा खरा मानून वहीत बदल करायचा. खातं ब्रोकरकडे आहे, तेव्हा तोच खरा, असं डोक्यात होतं.

काल, मंगळवारी, एका शेअरचे ७५ नग घेतले. काल ते पोझिशनमध्ये दिसत होते. आज सकाळी पोझिशन रिकामी झाली, कारण नवा दिवस. होल्डिंगमध्ये ते आले होते, पण `quantity` मध्ये नाही. आपल्याकडे सेटलमेंट टी अधिक एक आहे, म्हणजे कालच्या खरेदीचे शेअर आज डीमॅटमध्ये येतात. तोवर माझा ब्रोकर ते `t1_quantity` या वेगळ्या रकान्यात दाखवतो. मी तो रकाना वाचतच नव्हतो. माझ्या कोडला दिसलं शून्य. कोडने वही "दुरुस्त" करून शून्य केली, ९.२० ला नियमाप्रमाणे सिग्नल अजून खरा होता, आणि स्क्रिप्टने आणखी ७५ घेतले, २८६.४० ला.

दहाच्या सुमारास अ‍ॅपमध्ये १५० दिसले. जादाचे ७५ विकले २८३.९० ला. १८७ रुपये ५० पैसे आणि वर कर-शुल्क. रक्कम जूनपेक्षा लहान, पण जूनची चूक नकळत झाली होती. ही चूक ताळमेळ करणाऱ्या कोडनेच केली.

ताईला फोन केला. ती रागावली नाही, एवढंच विचारलं, "ओळ शोधली होतीस का?" ती शोधायला गेलो असतो तर सापडलीच नसती: वहीतून ७५ नग काढणारा एकही सौदा नव्हता. मग नग गेले कुठे, हा प्रश्न तिथेच उभा राहिला असता.

आपोआप बदल करणारा भाग सगळा काढून टाकला. आता फरक दिसला तर त्या शेअरला कुलूप लागतं, नवी ऑर्डर नाही, आणि मला मेसेज येतो. वहीत मुळीच नसलेला शेअर ब्रोकरकडे दिसला तर संपूर्ण स्क्रिप्टला कुलूप.

१३ ऑगस्ट, बुधवार

ब्रोकरचा कोणता आकडा कधी कुठल्या रकान्यात असतो हे अंदाजाने ठरवायचं नाही म्हणून एका निफ्टी ईटीएफचं एकच युनिट घेऊन पाहिलं. ८ तारखेला, शुक्रवारी, खरेदी: पोझिशनमध्ये १, होल्डिंग रिकामं. सोमवारी पोझिशन रिकामी, `t1_quantity` १. मंगळवारी `quantity` १. मंगळवारीच दुपारी विकलं: पोझिशनमध्ये वजा १, पण होल्डिंगमधला १ दिवस संपेपर्यंत तसाच. आज सकाळी दोन्ही रिकामे.

म्हणजे माझ्या ब्रोकरपुरतं हातात असलेले नग = `quantity` + `t1_quantity` + पोझिशनमधला आजचा डिलिव्हरीचा निव्वळ आकडा. विक्रीच्या दिवशी होल्डिंगमधून लगेच वजा करणारा ब्रोकर असेल तर हे सूत्र विक्री दोनदा मोजेल. तुम्ही करणार असाल तर एक युनिट घेऊन हे पाच दिवस नक्की काढा. मला या प्रयोगाला शंभर रुपयेही लागले नाहीत.

१८ ऑगस्ट, सोमवार

दोन दिवसांत अकरा मेसेज, सगळे खोटे. बाजार चालू असताना दर पाच मिनिटांनी तपासणी करतो. आधी सौदे मागवतो, मग पोझिशन. या दोन मागण्यांमध्ये जेमतेम अर्धं सेकंद जातं, पण त्यात एखादा तुकडा भरला की सौद्यांत तो नाही आणि पोझिशनमध्ये आहे. फरक खरा नाही, दोन फोटो वेगवेगळ्या क्षणांचे आहेत.

सौदे दोनदा मागवायचे, पोझिशनच्या आधी आणि नंतर. मध्ये यादी बदलली असेल तर तो फोटो फेकून द्यायचा.

```python
def snapshot():
    before = get_trades()
    pos, hold = get_positions(), get_holdings()
    after = get_trades()
    if ids(before) != ids(after):
        return None
    return after, pos, hold
```

शिवाय एका मिनिटाच्या अंतराने दोन फोटोंत तोच फरक तेवढाच दिसला आणि त्या शेअरची एकही ऑर्डर उघडी नसली तरच कुलूप. यामुळे खरा फरक मिनिटभर उशिरा कळतो. डिलिव्हरीच्या कामात ते मला चालतं. मिनिटामिनिटाला सौदे करणाऱ्याला चालणार नाही, त्याने ही वेळ आपली आपण ठरवावी.

याच दिवशी दुसरी एक गोष्ट पकडली. अकरापैकी तीन मेसेज म्हणत होते की सगळ्याच शेअरचे ब्रोकरकडे शून्य नग आहेत. `get_holdings()` मध्ये मी पूर्वी कधीतरी `except` खाली रिकामी यादी परत करायचं लिहून ठेवलं होतं. जोडणी तुटली की "उत्तर मिळालं नाही" याचं "काहीच नाही" होत होतं. ६ तारखेचा आपोआप दुरुस्तीचा कोड अजून असता तर त्याने पूर्ण वही शून्य करून सगळा माल पुन्हा विकत घेतला असता. आता उत्तर न आल्यास तपासणी झाली नाही अशी नोंद होते आणि लागोपाठ तीनदा तसं झालं तर कुलूप.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या चवथ, बाजार बंद. दुपारनंतर पेडण्याला मूळ घरी निघायचं, गणपतीवरच्या माटोळीचं सामान गाडीत भरायचं, आणि सकाळी ९.०६ ला कुलपाचा मेसेज: HDFCBANK, वही ४०, ब्रोकर २०.

याचं कारण मला माहीत होतं. एचडीएफसी बँकेने एकास एक बोनस दिला, रेकॉर्ड डेट २७ ऑगस्ट. २७ ला सुटी असल्याने शेअर आजपासूनच बोनसविना, म्हणजे साधारण निम्म्या भावाने व्यवहारात आला. हे मी काल रात्री वहीत हाताने घातलं होतं: आजपासून २० चे ४०. घातलं नसतं तर सरासरी खरेदी किमतीच्या १२ टक्के खाली असलेला माझा स्टॉपलॉस आज ९.१५ ला लागला असता आणि स्क्रिप्टने चांगला शेअर निम्म्या भावाला विकला असता. आणि हे लक्षात घ्या, तेव्हा ताळमेळ अगदी बरोबर दिसला असता: वही २०, ब्रोकर २०. नग जुळले म्हणजे वही बरोबर, असं नाही. भावाचा आधारही वहीतच असतो आणि तो ब्रोकरशी मी जुळवत नव्हतो.

पण मी दोन तारखा एक केल्या. भाव आज बदलतो, नवे शेअर खात्यात आज येत नाहीत. नव्या नियमाप्रमाणे बोनसचे शेअर रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामाच्या दिवशी व्यवहाराला खुले होतात, म्हणजे २९ ला. आज ४० माझ्या हक्काचे आहेत, विकता येतात फक्त २०.

वेगळं टेबल केलं: शेअर, प्रमाण, भाव बदलायची तारीख, नग यायची तारीख. पहिल्या तारखेपासून सरासरी किंमत आणि स्टॉपलॉस निम्मे. दुसऱ्या तारखेपर्यंत ताळमेळ २० शी आणि विक्रीची मर्यादाही २०. नग दिसले की मी हाताने नोंद पक्की करेन. निघायला साडेचार झाले, आई गाडीत बसून वाट बघत होती.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गावच्या घरात रेंज नाही. सकाळी तिठ्यापर्यंत चालत गेलो तेव्हा मेसेज उतरला: HDFCBANK, वही २०, ब्रोकर ४०, येणे २०. तिथेच उभं राहून नोंद पक्की केली, पुढची तपासणी जुळली.

बोनस आणि स्प्लिटच्या तारखा मी एक्सचेंजच्या संकेतस्थळावरून रविवारी बघून हाताने घालतो. हे आपोआप करायला अजून धजावलो नाही. बारा-पंधरा शेअरना आठवड्याला दहा मिनिटं पुरतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गेल्या दोन आठवड्यांत एकदा कुलूप लागलं. सोमवारी पैशांची गरज होती म्हणून मी मोबाइलवरून १० नग विकले होते आणि स्क्रिप्टला सांगायचं राहिलं. जुन्या पद्धतीत हा पुन्हा एक मुका फरक झाला असता. आता वही खात्यातले सगळे सौदे वाचते, त्यामुळे नग लगेच जुळले. कुलूप लागलं ते वेगळ्या कारणाने: ज्या सौद्याची ऑर्डर स्क्रिप्टने टाकलेली नाही त्याला ती "बाहेरचा" अशी खूण करते आणि मी होकार देईपर्यंत त्या शेअरला हात लावत नाही. होकार दिला, काम पुढे सुरू.

दुपारी ३.४५ ची तपासणी पूर्ण झाली की संध्याकाळी दिवसाचे सौदे छापील कॉन्ट्रॅक्ट नोटेशीही जुळवतो. हे अजून हाताने, लाल पेन्सिलीने. एपीआय आणि होल्डिंग दोन्ही ब्रोकरच्याच यंत्रणेतून येतात. नोटेवर एक्सचेंजचा सौदा नंबर आणि वेळ छापलेली असते, आणि ती फाइल उद्याही तशीच असते. आज नऊ ओळी होत्या, नऊ खुणा झाल्या.